चौदा मार्चची सही

‘उर्मट’ हा शब्द मनमोहनकाकांनी तिसऱ्यांदा खोडला, तेव्हा लक्ष्मीच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पत्र तिचं, पैसे तिचे, दादरला फेऱ्या मारून झिजल्या त्या चपलाही तिच्याच, आणि शब्द मात्र सगळे काकांचे. पण काकांना उलटून बोलायची तिची पद्धत नव्हती. ती आतल्या पलंगावर लीलाकाकींची उशी सारखी करत राहिली आणि बाहेरून काका वाचून दाखवत होते ते ऐकत राहिली.

“माननीय संचालक महोदय, सविनय विनंती की, मी आपल्या नामांकित संस्थेत...”

नामांकित! लक्ष्मीला तिथेच उठून कागद फाडावासा वाटला.

काका गिरगावातल्या जुन्या कारकुनी घराण्यातले. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही हाताची सवय गेली नाही. वाडीतल्या कुणाचाही अर्ज असो, काका लिहून देणार. दीड वर्षापूर्वी लीलाकाकींचं डावं अंग गेलं, तेव्हा घरी आजाऱ्यांजवळ बायका पुरवणाऱ्या ब्युरोने लक्ष्मीला त्यांच्याकडे पाठवलं. लालबागहून सकाळी आठला यायचं, रात्री आठला निघायचं. पगारातला एक तुकडा ब्युरोवाला खाणार, सुट्टी घेतली की पैसे कापणार, आणि माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी बाई घरी. रजा नाही, फंड नाही. ‘बाई’ या नावापुढे दुसरं नावही नाही.

म्हणून तिने कोर्स केला. दादरला स्टेशनजवळ साड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ‘शुश्रूषादीप’ नावाची संस्था होती. रुग्णसेवा सहायक, सहा महिने, दहावी पास असलं की पुरे, आणि शेवटी सरकारमान्य परिषदेचं प्रमाणपत्र. रविवारचे वर्ग आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी; त्या दोन दिवशी काका तिला लवकर सोडायचे. लक्ष्मी एकही दिवस चुकली नाही. नाडी, रक्तदाब, कॅथेटरची पिशवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, यातलं अर्धं तिला आधीच येत होतं आणि उरलेलं अर्धं तिने वर्गातल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरींच्या आधी उचललं. फी तीन हप्त्यांत पूर्ण भरली. परिषदेच्या परीक्षेची फी वेगळी, तीही भरली. सगळ्या पावत्या तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या. ऑक्टोबरात परीक्षा झाली. त्याला आता आठ महिने होत आले होते.

फोन केला की सलोनी नावाची टेबलावरची मुलगी म्हणायची, बोर्डाकडून, म्हणजे परिषदेकडून, यायचंय. डिसेंबरात बोर्डाकडून यायचं होतं, मार्चमध्ये बोर्डाकडून यायचं होतं, मे महिन्यात सलोनीने फोन उचलायचाच बंद केला. एकदा लक्ष्मी प्रत्यक्ष गेली तर संचालक विक्रांत सर पाठमोरे होऊन फोनवर बोलत राहिले आणि हाताने ‘नंतर’ अशी खूण केली. भिकाऱ्याला करतात तशी. तो हात तिच्या डोक्यात बसला होता.

आणि आता वेळ उरली नव्हती. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रुग्णसहायकाची कायम जागा निघाली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाखत झाली. मेट्रन सुनेत्राबाईंनी तिला तिथल्या तिथे एका पेशंटची चादर पेशंटला न उठवता बदलायला लावली, आणि तिने ती बदलेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काम तुमचं पक्कं आहे, पण प्रमाणपत्र तीस जूनपर्यंत फाईलला लागलं पाहिजे. वयाची अट होती त्रेचाळीसच्या आत. लक्ष्मी अकरा जुलैला त्रेचाळीस पूर्ण करणार होती. म्हणजे ही जागा गेली की पुढची निघेल तेव्हा ती वयात बसणार नाही, या हॉस्पिटलात नाही आणि बहुतेक कुठल्याच नाही. पुढे मरेपर्यंत ब्युरो.

हे सगळं तिने काकांना सांगितलं होतं, आणि सांगताना ‘चोर’, ‘उर्मट’ आणि ‘हरामखोर’ असे तीन शब्द वापरले होते. काकांच्या पत्रात त्यातला एकही शिल्लक नव्हता. वरती ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘विषय : प्रमाणपत्र मिळणेबाबत विनंती अर्ज’. खाली, ‘आपली कृपाभिलाषी’.

“लक्ष्मीबाई, पत्र गरम असलं की माणूस वाचत नाही,” काका म्हणाले. “मऊ लिहावं आणि पोच घ्यावी.”

तिने सही केली. दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन पत्र दिलं, तिच्या प्रतीवर सलोनीकडून शिक्का मारून घेतला. सलोनीने विषय वाचला, मान डोलावली आणि पत्र एका जाड फायलीत घातलं. इतक्या पटकन काम झालं म्हणून लक्ष्मीला जरा आशाच वाटली. काकांचं बरोबर असेल, असं ती स्वतःला समजावत घरी आली.

उत्तर पाचव्या दिवशी आलं. छापील कागद होता, मधल्या रिकाम्या जागा पेनने भरलेल्या. ‘आपल्या विनंती अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, आपणांस मूळ प्रमाणपत्र दि. १४ मार्च रोजी देण्यात आले असून त्याची नोंद व आपली सही आमच्या रजिस्टरमध्ये आहे. दुय्यम प्रत हवी असल्यास प्रमाणपत्र हरवल्याची पोलिसांतील नोंद, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरील प्रतिज्ञापत्र व दुय्यम प्रतीचे शुल्क सोबत जोडावे.’

लक्ष्मीने ते लालबागच्या चाळीच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. चौदा मार्च. त्या दिवशी काकींना ताप होता आणि ती रात्री अकरापर्यंत गिरगावात होती. दादरचं तोंडही पाहिलं नव्हतं. मग सही कुठली?

आणि मग तिला आठवलं. परीक्षेच्या दिवशी सलोनीने एक लांबलचक रजिस्टर फिरवलं होतं. सर्टिफिकेट आलं की पुन्हा रांग नको, आत्ताच सह्या करून ठेवा, म्हणाली होती. तारखेचा रकाना रिकामा होता. वर्गातल्या अठराजणींनी हसत हसत सह्या केल्या. त्यांत लक्ष्मीचीही होती. तिच्या सासऱ्यांनी गिरणीत कोऱ्या कागदावर सही केली होती आणि त्या एका सहीपायी देणी बुडाली होती. हे आयुष्यभर ऐकत आलेली बाई, आणि तिनेच पेन उचललं. हरवलेलं प्रमाणपत्र पुन्हा मागणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे हा छापील कागद होता, आणि त्या लोकांच्या अर्जावर विषयही हाच असणार, ‘प्रमाणपत्र मिळणेबाबत विनंती’. सलोनीने विषय वाचला होता आणि बरोबर त्याच फायलीत घातला होता. जे हातात आलंच नाही ते हरवलं म्हणून शपथेवर लिहून द्यायचं, आणि वर पैसेही भरायचे. तिला विक्रांतचा राग आला, सलोनीचा आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग त्या ‘मिळणेबाबत’चा आला.

सकाळी तिने तो कागद काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, चौतीस वर्षं सगळी पत्रं मिळणेबाबतच असायची.

“काका, तुमचं पत्र चांगलं होतं,” लक्ष्मी म्हणाली. “पण त्यात माझा राग कुठेच नव्हता. त्याला वाटलं, बाई हात पसरून आलीय. मी काय मागायला नाही गेले. मी सगळे पैसे मोजलेत.”

 काकांनी कोरे कागद आणि स्वतःचं पेन तिच्याकडे सरकवलं.

तिने दुपारी काकींना भरवून झाल्यावर स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून लिहायला घेतलं. दहावीनंतर तिने एवढं सलग काही लिहिलं नव्हतं. हात दुखला, अक्षर वाकडं गेलं, दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर असं उतरलं :

‘विषय : तक्रार.

मी लक्ष्मी घाडी. तुमच्याकडे मला काही विनंती करायची नाही. मी पूर्ण पैसे भरले, पावत्या सोबत आहेत. परीक्षा दिली. प्रमानपत्र मला कधीच मिळालेलं नाही. माझं काही हरवलेलं नाही. जे माझ्या हातात आलंच नाही ते हरवणार कसं? चौदा मार्चला मी तुमच्याकडे आलेली नाही, मी कुठे होते त्याचे साक्षीदार आहेत. सही तुम्ही परीक्षेच्या दिवशी तारीख न टाकता आम्हा अठराजणींची घेतली, त्या अठराजणी सांगतील. तुम्ही लिहिता की प्रमानपत्र दिलं. मग परिषदेच्या ज्या नंबराने ते निघालं तो नंबर मला सात दिवसांत लिहून कळवा. प्रमानपत्र द्या, नाहीतर सगळे पैसे आणि झालेलं नुकसान भरून द्या. नाही दिलं तर मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. तिथे वकील लागत नाही हे मला माहीत आहे. मला परळला लागत असलेली कायमची नोकरी तुमच्यामुळे जाते आहे. मला भीक घालायची खूण करू नका, मी तुमची गिऱ्हाईक आहे.’

खाली कृपाभिलाषी नव्हतं, विश्वासूही नव्हतं. नुसतं लक्ष्मी घाडी.

काकांनी वाचलं. ‘प्रमानपत्र’ या शब्दावर त्यांचं पेन क्षणभर थांबलं, हे लक्ष्मीने पाहिलं. पण त्यांनी पेनचं टोपण लावून टाकलं आणि म्हणाले, याला मी हात लावत नाही. मग स्वतः खाली उतरून पावत्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या, एक प्रत स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवली, एक संस्थेच्या ईमेलवर टाकली. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर, १९१५वर, तक्रार नोंदवून तिचा नंबर पत्राच्या कोपऱ्यात लिहिला. आयोगाकडचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्क पडत नाही, हेही त्यांनी वाचून ठेवलं. इतकं सगळं काकांनी एका दुपारी केलं, आणि लक्ष्मीच्या मनात त्यांच्यावर जी थोडी अढी बसली होती ती गेली.

सव्वीस तारखेला सकाळीच फोन आला. सलोनी नव्हे, खुद्द विक्रांत सर.

“लक्ष्मीताई, अहो एवढं काय मनावर घेतलंत? या ना ऑफिसला. आज देऊन टाकतो तुमचं.”

ती दुपारी शेजारच्या मुलीला काकींजवळ बसवून गेली. या वेळी खुर्ची पुढे आली, चहा आला. विक्रांत पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात संस्थेच्या नावाची पट्टी. तो गोड बोलत होता. स्टाफची मिस्टेक झाली, छापील लेटर चुकून गेलं, तुम्ही आमच्या बेस्ट स्टुडंट. मग सलोनीला म्हणाला, काढ यांचं.

सलोनीने कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. आणि लक्ष्मीच्या डोळ्यांदेखत, चहा अजून गरम असताना, जाड कागदावर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र बाहेर आलं. तिचं नाव, परिषदेचं चिन्ह, खाली चौकोनी क्यूआर कोड, वर दिनांक चौदा मार्च.

आठ महिने. आठ महिने जे बोर्डाकडून यायचं होतं, ते दोन मिनिटांत आलं. लक्ष्मीच्या हाताला कागदाची ऊब लागली आणि तिला काही सुचेना. आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता, कारण आज सव्वीस होती आणि परळ तिथून जवळ होतं.

“बघा, तुमच्या बॅचच्या श्रेयाने तर मार्चमध्येच नेलं,” विक्रांत म्हणाला. “लागलीसुद्धा, परळलाच, तुम्ही म्हणता त्याच हॉस्पिटलात. तिने असं पत्रबित्र नाही लिहिलं. तिला अर्जंट होतं, सरळ येऊन बोलली, दिलं. आता फक्त इथे सही करा. प्रमाणपत्र मिळालं, तक्रार मागे घेतली.”

त्याने टाइप केलेला कागद आणि पेन पुढे केलं. लक्ष्मीने पेनाकडे पाहिलं. ते बोटांत धरावं इतकं जवळ होतं. पण तिने प्रमाणपत्र दुमडून पिशवीत घातलं आणि उभी राहिली.

“सही तर तुमच्याकडे आहे ना,” ती म्हणाली. “चौदा मार्चची.”

विक्रांतचा चेहरा उतरला. तो मागून ताई, ताई करत जिन्यापर्यंत आला, पण खाली साड्यांच्या दुकानात गर्दी होती आणि गर्दीत त्याचा आवाज आपोआप खाली आला. लक्ष्मी थांबली नाही.

रस्ता ओलांडून ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिला ते प्रमाणपत्र एकदा स्वतःच्या फोनमध्ये बघायचं होतं. वर्गात पहिल्याच दिवशी विक्रांतनेच फुशारकी मारली होती की, हा चौकोन फोनसमोर धरला की परिषदेच्या साइटवर तुमचं नाव झळकणार, कुठलाही हॉस्पिटलवाला तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. तिने फोन धरला. चाक गोल गोल फिरलं आणि पान उघडलं. परिषदेचंच पान होतं. नाव होतं, सुंदराबाई तुकाराम जाबरे. चार वर्षांपूर्वीची तारीख.

तिने पुन्हा धरला. पुन्हा सुंदराबाई. कोण ही बाई, कुठली, लक्ष्मीला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी कुणीतरी खरी परीक्षा देऊन मिळवलेला चौकोन उचलून तिच्या नावाखाली चिकटवला होता.

त्याच पानावर परिषदेचा फोन नंबर होता. तिथल्या माणसाने तिचं नाव, संस्थेचं नाव, परीक्षेचा महिना विचारला आणि शांतपणे सांगितलं की त्या केंद्राची मान्यता दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. त्यानंतर त्यांच्या एकाही बॅचची नोंदणी परिषदेकडे झालेली नाही. परीक्षेला परिषदेचा बाहेरचा परीक्षक आला होता का? लक्ष्मीला आठवलं, परीक्षा विक्रांतनेच घेतली होती. नाही, ती म्हणाली. मग ती परीक्षा झालीच नाही ताई, तो माणूस म्हणाला.

म्हणजे यायचं काही नव्हतंच. बोर्डाकडून काही निघालंच नव्हतं. तिने परीक्षेची म्हणून वेगळी भरलेली फी त्याने सरळ खिशात घातली होती, आणि आठ महिने ती त्याच्या दारात ज्याची वाट पाहत उभी होती ते जगात कुठेच नव्हतं. लक्ष्मीला रडू आलं नाही. अंगभर आग पेटली. त्या आगीतच तिने दादरहून परळची बस पकडली. प्रमाणपत्र पिशवीत होतं, आणि ते दिसायला अगदी खऱ्यासारखं होतं, हे ती बसमध्ये सगळा वेळ जाणून होती.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात श्रेया भेटली. निळा गणवेश, छातीवर नावाची पाटी, हातात तपासणीच्या नमुन्यांचा ट्रे. वर्गात ती लक्ष्मीच्या शेजारी बसायची आणि ब्लडप्रेशरचा पट्टा नेहमी उलटा बांधायची. काकू म्हणून हसत पुढे आली. तुमचं पण मिळालं का, तिने विचारलं.

लक्ष्मीने तिला बाजूला घेतलं आणि फोनवरचं सुंदराबाईंचं नाव दाखवलं. तुझंही एकदा बघ, म्हणाली. श्रेयाने फोनकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

“मला माहितीये काकू,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही कशाला स्कॅन करून बघितलंत?”

 श्रेया भरभर बोलायला लागली. घरी कमावणारी तीच आहे, भाऊ शिकतोय, इथे कुणीच तपासत नाही, झेरॉक्स घेतात आणि फाईलला लावतात. तुम्ही पण द्या ना, काकू. तुम्हाला तर सगळ्यांपेक्षा जास्त येतं. त्यात खोटं काय आहे?

आणि खरंच, त्यात खोटं काय होतं? सहा महिने ती शिकली होती. काम तिला येत होतं. पैसे तिने भरले होते. एका ठगाने तिला फसवलं म्हणून तिने स्वतःला आणखी एकदा का फसवायचं? हा विचार तिच्या डोक्यात आला, आणि तो काही क्षण तिने हाकलला नाही. चार पावलांवर मेट्रनची खोली होती. कागद द्यायचा, जुलैत रुजू व्हायचं, ब्युरोवाल्याला फोन करून त्याच्या तोंडावर सांगायचं. एवढंच.

पण हा कागद फाईलला लावला की विक्रांतचं सगळंच खरं ठरत होतं. चौदा मार्च खरी, सही खरी, प्रमाणपत्र दिलं हे खरं. मग ती तक्रार करणार कशाची? तिच्या नोकरीची दोरी कायमची त्याच्या हातात राहणार आणि पुढच्या प्रत्येक बॅचला तो तिचंच नाव सांगणार, बघा, लक्ष्मीताई लागल्या की नाही. हे तिला सहन होईना. तेवढं एक सहन झालं असतं तर बाकी सगळं तिने गिळलं असतं.

सुनेत्राबाई टेबलावर ड्युटीचा तक्ता भरत होत्या. लक्ष्मीला पाहून त्यांनी हात पुढे केला, आणा, म्हणाल्या. लक्ष्मीने प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं.

“मॅडम, हे खोटं आहे,” ती म्हणाली. “काम मला खरं येतं. तुम्ही बघितलंय.”

मग तिने सगळं सांगितलं, न बसता, एका दमात. रजिस्टर, छापील उत्तर, प्रिंटर, सुंदराबाई, परिषदेचा माणूस. सुनेत्राबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, या संस्थेतून आलेलं आमच्याकडे आणखी कुणी आहे का.

व्हरांड्यात ट्रेचा आवाज झाला. लक्ष्मीला तो कुणाचा ते कळलं.

“काढून टाकणार असाल तर मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “परीक्षा घेणार असाल तर सांगते. फसवलं त्याने आहे, पोरींनी नाही. आम्ही सगळ्यांनी पूर्ण पैसे भरले.”

सुनेत्राबाईंनी ड्युटीचा तक्ता बाजूला सारला. मग म्हणाल्या की, जे आधीपासून काम करताहेत त्यांची थेट परीक्षा परिषद दुसऱ्या केंद्रातून घेते, पुन्हा सगळा कोर्स करावा लागत नाही. दीड-दोन महिने जातात. तोपर्यंत अशा मुलींना शिकाऊ म्हणून ठेवता येईल, पगार कमी पडेल, पण त्या रस्त्यावर येणार नाहीत. ट्रस्टींना त्या स्वतः समजावतील.

“आणि मी?”

“तुम्हीही द्या परीक्षा. पास व्हाल,” सुनेत्राबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान खाली घातली. “पण ऑगस्ट उजाडेल, लक्ष्मीबाई. ही जागा तीस तारखेला बंद होते, आणि वयाची अट माझ्या हातात नाही.”

लक्ष्मीला हे माहीत होतं. दादरच्या त्या पायरीवर बसल्यापासून माहीत होतं. तरी कुणीतरी मोठ्याने म्हटल्यावर ते वेगळंच लागलं.

“तुम्ही हे काही न बोलता दिलं असतंत ना,” सुनेत्राबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तर मी घेतलं असतं. आम्ही कधी स्कॅन करत नाही.”

त्या हे कशाला बोलल्या, कोण जाणे. कदाचित त्यांना वाईट वाटलं होतं, कदाचित लाज वाटली होती. पण लक्ष्मीचा दिवसभर दाबून ठेवलेला राग त्या एका वाक्यावर वर आला. विक्रांतने छापायचं, यांनी न बघता फाईलला लावायचं, आणि मधल्या मध्ये जिने चौकोनासमोर फोन धरला तिची नोकरी जायची. तिच्यासारख्या बायका अंथरुणाला खिळलेल्या माणसांची अंगं पुसणार, आणि त्या कुणाच्या कागदावर आल्या हे बघायला कुणाला एक मिनिट नाही. तिने टेबलावरचं प्रमाणपत्र उचललं आणि मेट्रनसमोर सरळ करून ठेवलं, चौकोन त्यांच्याकडे करून.

“मग आजपासून करा,” ती म्हणाली. “माझ्यापासून.”

सुनेत्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा फोन उचलून चौकोनासमोर धरला. पान उघडल्यावर त्यांनी नाव वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, आणि एका कागदावर ते लिहून घेतलं. मग खुर्ची मागे सारून त्या भिंतीकडच्या लोखंडी कपाटाशी गेल्या आणि या वर्षी लागलेल्यांच्या फायली एकेक करून बाहेर काढू लागल्या. लक्ष्मीने श्रेयाचं नाव सांगितलं. त्यांनी ती फाईल काढून सगळ्यात वर ठेवेपर्यंत ती खोलीतून हलली नाही.